आवाजाची पट्टी निम्म्यावर, पण कानात किती?

मुलांच्या कानांविषयी पालक विचारतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकाच साच्याचा असतो : "डॉक्टर, मोबाइलचा आवाज किती टक्क्यांपर्यंत ठेवलेला चालेल?" त्यावर 'साठ टक्के' हे उत्तरही अनेकांना पाठ असते. सल्ला हेतूने चांगला आहे, परंतु तो देताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते. साठ टक्के म्हणजे कशाचे साठ टक्के, हे कोणी विचारत नाही.

मोबाइलवरील आवाजाची पट्टी कानात पोहोचणारा आवाज मोजत नाही. मोबाइल आपल्या क्षमतेपैकी किती विद्युतदाब तारेतून पुढे पाठवीत आहे, एवढेच ती दाखविते. त्या विद्युतदाबाचे कानापाशी किती डेसिबल होणार, हे तारेच्या दुसऱ्या टोकाला काय जोडले आहे त्यावर ठरते. म्हणूनच तेच गाणे, तोच मोबाइल आणि पट्टीही त्याच खुणेवर असताना एका हेडफोनमधून कानाला न दुखविणारा आवाज येतो, आणि दुसऱ्या इयरफोनमधून काही मिनिटांत कानाचा आठवड्याचा कोटा संपविणारा.

हा फरक ठरविणारे दोन आकडे हेडफोनच्या खोक्यावर किंवा विक्रीच्या पानावर छापलेले असतात. एक इम्पिडन्सचा, दुसरा सेन्सिटिव्हिटीचा. ते वाचता येणे फारसे कठीण नाही. हल्ली घरोघरी हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर येऊ लागला आहे, तेव्हा ते वाचता येणे आवश्यकही झाले आहे.

इम्पिडन्स : वाट किती अरुंद

इम्पिडन्स म्हणजे हेडफोन विद्युतप्रवाहाला करीत असलेला एकंदर अडथळा. तो ओहममध्ये मोजतात आणि Ω या चिन्हाने दाखवितात. नळाच्या पाण्याची उपमा येथे कामाची आहे. विद्युतदाब म्हणजे गच्चीवरील टाकीची उंची, आणि इम्पिडन्स म्हणजे नळी किती अरुंद आहे ते. टाकी तीच असली, तरी अरुंद नळीतून पाणी कमी येते. त्याचप्रमाणे विद्युतदाब तोच असताना जास्त ओहमच्या हेडफोनला कमी शक्ती मिळते.

याचे गणित शाळेतलेच आहे. विद्युतदाबाचा वर्ग करावा आणि त्याला ओहमच्या आकड्याने भागावे, म्हणजे मिळणारी शक्ती वॅटमध्ये येते. मोबाइल पूर्ण आवाजावर साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतो. आपण अर्धा व्होल्ट धरू. १६ ओहमच्या इयरफोनला त्यातून सुमारे १६ मिलिवॅट शक्ती मिळते. २५० ओहमच्या हेडफोनला मिळतो नेमका १ मिलिवॅट. मोबाइलने दोघांनाही सारखेच दिले, पण एकाच्या पदरात दुसऱ्याच्या सोळापट पडले.

मग कोणी मुद्दाम २५० ओहमचे हेडफोन का बनवावेत, अशी शंका येईल. त्याचे मूळ ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आहे. तेथील यंत्रे कित्येक व्होल्ट सहज देत, आणि एकाच जोडणीवर अनेक हेडफोन लावावे लागत. शिवाय जास्त ओहमसाठी हेडफोनमधील हलणारे वेटोळे अतिशय बारीक तारेचे करता येते. बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा 'डीटी ७७० प्रो' हा हेडफोन ८० आणि २५० अशा वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतो, तो याच कारणाने. दिसायला सारख्याच असणाऱ्या या दोन हेडफोनपैकी दुसरा मोबाइलवर स्पष्टपणे हळू वाजतो.

सेन्सिटिव्हिटी : मिळालेल्या शक्तीचे काय केले

दुसरा आकडा सांगतो की मिळालेल्या शक्तीतून हेडफोन किती आवाज निर्माण करतो. खोक्यावर तो बहुधा dB/mW असा लिहिलेला असतो, म्हणजे एक मिलिवॅट शक्ती दिल्यावर कानापाशी किती डेसिबल. वर सांगितलेल्या डीटी ७७० प्रोचा जाहीर आकडा ९६ आहे. कानात बसणाऱ्या लहान इयरफोनसाठी १०५ हा आकडा सर्रास आढळतो.

येथे डेसिबलची रीत लक्षात ठेवावी लागते. हे माप बेरजेने वाढते, पण त्यामागील शक्ती गुणाकाराने वाढते. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०, आणि सोळापट झाली की १२.

आता दोन्ही आकडे एकत्र करू. अर्ध्या व्होल्टवर २५० ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॅट मिळाला, म्हणून त्याचा कमाल आवाज ९६ डेसिबल. १६ ओहमच्या इयरफोनला सोळापट शक्ती मिळाली, म्हणून १०५ अधिक १२, म्हणजे ११७ डेसिबल. मोबाइल एकच, पट्टी दोन्ही वेळा शेवटच्या टोकाला, आणि फरक २१ डेसिबलचा.

केवळ ओहम पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांची मात्र येथे फसगत होते. हायफायमॅन या कंपनीचा 'एचई-६' हा हेडफोन अवघ्या ५० ओहमचा आहे. ओहम कमी, म्हणजे मोबाइलवर मोठ्याने वाजेल असे वाटते. परंतु त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ इतकी कमी आहे. अर्ध्या व्होल्टवर त्याला ५ मिलिवॅट मिळतात, म्हणजे ७ डेसिबलची भर, आणि कमाल आवाज जेमतेम ९०. पाचपट ओहम असलेला डीटी ७७० प्रो त्याच मोबाइलवर याहून मोठ्याने वाजतो. म्हणून दोन्ही आकडे पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी dB/V, म्हणजे एका व्होल्टला किती डेसिबल, अशी देतात. खरे तर आपल्या कामासाठी हेच माप सोयीचे आहे, कारण मोबाइल आणि ॲम्प्लिफायर दोघेही व्होल्टच देतात. आकडा मिलिवॅटचा असेल तर तो व्होल्टमध्ये बदलण्याची सोपी रीत आहे. १६ ओहमला १८ मिळवावेत, ३२ ला १५, ६४ ला १२, १२५ ला ९ आणि २५० ला ६. ओहम दुप्पट झाले की मिळवायचा आकडा तीनने कमी होतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. या रीतीने आपला इयरफोन एका व्होल्टला १२३ आणि स्टुडिओचा हेडफोन १०२ डेसिबल ठरतो. दोन वेगळ्या मापांतील आकड्यांची थेट तुलना मात्र कधी करू नये. १०५ प्रति मिलिवॅट आणि १०५ प्रति व्होल्ट यांत १६ ओहमच्या इयरफोनपुरते बोलायचे तर तब्बल १८ डेसिबलचे अंतर आहे.

कमाल आवाज आणि प्रत्यक्ष गाणे

वर काढलेले आकडे कमाल मर्यादेचे आहेत. गाणे सतत कमाल पातळीवर वाजत नाही. आजकालचे चित्रपटगीत मोठ्या आवाजात घट्ट बांधलेले असते, त्यामुळे त्याची सरासरी कमाल पातळीच्या साधारण १० डेसिबल खाली असते. शास्त्रीय मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आलापापासून द्रुत लयीपर्यंत चढउतार मोठे असतात, तेथे सरासरी सुमारे २० डेसिबल खाली धरावी. हे अंदाज ढोबळ आहेत, आणि इम्पिडन्सही वेगवेगळ्या स्वरांना थोडा बदलतो. उत्तरात तीनचार डेसिबलची तफावत मानूनच चालावे. आपल्याला शोधायचा आहे तो फरक वीस डेसिबलच्या घरातील आहे, त्यामुळे ही तफावत आड येत नाही.

आता या आकड्यांशेजारी कानाची मर्यादा ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही सुरक्षित श्रवणाची सीमा सांगितली आहे, आणि मुलांसाठी तेवढ्याच वेळाला ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढाला ८३ डेसिबल २० तास, ८६ डेसिबल १० तास, ८९ डेसिबल ५ तास. असे उतरत गेले की १०१ डेसिबलला सुमारे १९ मिनिटे उरतात, आणि १०७ डेसिबलला पाच मिनिटांहूनही कमी. ही मुदत एका दिवसाची नाही, पूर्ण आठवड्याची आहे.

आपल्या उदाहरणात मोबाइल पूर्ण आवाजावर असताना चित्रपटगीत २५० ओहमच्या हेडफोनमधून सरासरी ८६ डेसिबलने ऐकू येईल. आठवड्याला दहा तास ऐकले तरी सीमा ओलांडली जाणार नाही. त्याच पट्टीवर १६ ओहमच्या इयरफोनमधून तेच गीत १०७ डेसिबलने येईल, आणि एक गाणे संपताना आठवड्याचा कोटाही जवळजवळ संपलेला असेल. 'मी पूर्ण आवाजावर ऐकतो' हे वाक्य एकाच्या बाबतीत काळजीचे नाही आणि दुसऱ्याच्या बाबतीत अतिशय काळजीचे आहे, ते यामुळे.

ॲम्प्लिफायर आल्यावर काय बदलते

२५० ओहमच्या हेडफोनवर मोबाइलमधून मैफल ऐकली तर सरासरी ७६ डेसिबलच्या आसपास राहते. कानाच्या दृष्टीने ही पातळी उत्तम आहे, आणि शांत खोलीत ती पुरतेही. परंतु पंखा चालू असला, बाहेर रहदारी असली, की ऐकणाऱ्याला ती अपुरी वाटते, आणि पट्टी तर टोकाला गेलेली असते. मग हेडफोनसाठीचा वेगळा ॲम्प्लिफायर घरात येतो.

ॲम्प्लिफायर करतो एवढेच की टाकी उंच नेतो. मेजावर ठेवायचा साधारण ॲम्प्लिफायर ५ व्होल्ट सहज देतो. विद्युतदाब दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढतात आणि दहापट झाला की २०. म्हणून ज्या हेडफोनची मर्यादा मोबाइलवर ९६ होती, तिची आता ११६ झाली. मैफलीला हवी तेवढी जागा मिळाली. पण मोबाइल दुबळा असल्यामुळे कानाला आपोआप मिळत असलेले संरक्षणही त्याबरोबर गेले.

ॲम्प्लिफायर स्वतः घातक नाही, आणि जास्त ओहमचा हेडफोन कानाला सौम्य असतो असेही नाही. ९० डेसिबल कोठूनही आले तरी ते ९० डेसिबलच. धोका उद्भवतो तो एका हेडफोनसाठी आणलेल्या ॲम्प्लिफायरला दुसराच कोणी दुसराच इयरफोन जोडतो तेव्हा. घर म्हटले की हे कधी ना कधी घडतेच.

एका घरातील चाळीस मिनिटे

काही काळापूर्वी अकरावीत शिकणाऱ्या मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली. आदल्या रात्रीपासून दोन्ही कानांत शिट्टीसारखा बारीक आवाज होता, आणि सगळे कापूस घातल्यासारखे दबलेले ऐकू येत होते. सर्दी नव्हती, कानाचे पडदे स्वच्छ होते.

आई म्हणाली, "हिच्या मोबाइलचा आवाज मी स्वतः पाहते, डॉक्टर. निम्म्याच्या वर कधीच नसतो."

मुलगी हळूच म्हणाली, "मोबाइलवर नाही ऐकलं. दादाच्या डब्यावर ऐकलं."

दादा घरीच ध्वनिमुद्रणाचे काम करीत असे. त्याच्याकडे २५० ओहमचा हेडफोन आणि मेजावरचा ॲम्प्लिफायर होता. मुलीच्या नव्या मोबाइलला हेडफोनचे गोल छिद्रच नव्हते, म्हणून तिने आपला जुना तारेचा इयरफोन दादाच्या ॲम्प्लिफायरला लावला. मी दोघांना सर्व साहित्याचे आकडे लिहून आणायला सांगितले. इयरफोन १६ ओहम, १०५ डेसिबल प्रति मिलिवॅट. हेडफोन २५० ओहम, ९६ डेसिबल. ॲम्प्लिफायर ५ व्होल्ट. वर घेतलेले उदाहरण याच घरातील आहे.

दादा ॲम्प्लिफायरचे गोल बटण घड्याळातल्या दहाच्या आसपास ठेवून ऐकत असे. तेथे साधारण अर्धा व्होल्ट बाहेर येतो असे धरले, तर त्याच्या कानी गाणी ८६ डेसिबलने पडत होती. त्याच खुणेवर बहिणीने इयरफोन लावला तेव्हा तिच्या कानात १०७ डेसिबल आले. ती दचकली आणि तिने बटण मागे घेतले.

आता प्रश्न असा, की तिने ते पुरेसे मागे का घेतले नाही? तिचेच उत्तर ऐकण्याजोगे होते. "आणखी कमी केलं की डाव्या कानात ऐकूच येत नव्हतं," ती म्हणाली. आईला वाटले, मुलीचा डावा कान अधू आहे. वस्तुस्थिती वेगळी होती. अशा गोल बटणाच्या आत डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन भाग एकत्र फिरतात. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात ते दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत, आणि एक बाजू दुसरीहून बरीच हळू वाजते. दादाला हा टप्पा कधी वापरावाच लागला नव्हता. बहिणीच्या इयरफोनला सुरक्षित असणारा सर्व आवाज नेमका त्याच टप्प्यात होता. दोन्ही कानांत सारखे ऐकू यावे म्हणून तिने बटण थोडे पुढे ठेवले, आणि सुमारे १०१ डेसिबलने चाळीस मिनिटे गाणी ऐकली. तिचा आठवड्याचा कोटा प्रौढांच्या हिशेबानेही १९ मिनिटांचा होता.

शंका फेडण्यासाठी मी घरी एक साधी परीक्षा करायला सांगितली होती. बटण त्याच खालच्या खुणेवर ठेवून, अगदी हळू आवाजात, इयरफोनच्या बाजू बदलून पाहायच्या : डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात. ऐकू न येण्याची तक्रार इयरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेली, तर दोष साधनाचा. ती त्याच कानात राहिली, तर कान तपासायला हवा. येथे ती दुसऱ्या कानात गेली.

कानातील शिट्टी दोन दिवसांत थांबली. आठवड्यानंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे केलेली श्रवणचाचणी दोन्ही कानांची व्यवस्थित आली. मात्र अशी सुटका दर वेळी पुरी होते असे समजू नये. आतल्या कानात ध्वनीचे संदेशात रूपांतर करणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी जन्मतः मिळतात, आणि नष्ट झालेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाने होणारी हानी चाचणीच्या आलेखात बहुधा प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. ती बरीच वाढेपर्यंत रोजच्या बोलण्यात काही जाणवतही नाही.

घरात काय करावे

प्रथम घरातील प्रत्येक तारेच्या हेडफोनचे दोन आकडे शोधून एका कागदावर लिहावेत, आणि त्यांचे प्रति व्होल्ट डेसिबल काढावेत. मोबाइल अर्धा व्होल्ट देतो असे धरून त्यातून ६ वजा केले, की मोबाइलवरील कमाल आवाज कळतो. हा आकडा १०५ किंवा त्याहून अधिक आला, तर त्या हेडफोनला ॲम्प्लिफायरची गरज नाही. शास्त्रीय मैफलसुद्धा त्यावर ८५ च्या आसपास ऐकता येईल. बाजारातील बहुतेक लहान इयरफोन या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतात. त्यांच्यासाठी ॲम्प्लिफायर घेणे म्हणजे आधीच पुरेशा असलेल्या आवाजात आणखी वीस डेसिबलची सोय करणे होय.

ॲम्प्लिफायर घरात असेलच, तर हेडफोन बदलण्यापूर्वी गोल बटण शून्यावर आणण्याचा नियम करावा. गाणे सुरू करावे, बटण हळूहळू वाढवावे, आणि मगच कानाला लावावे. अनेक ॲम्प्लिफायरवर 'गेन' नावाची कळ असते. इयरफोनसाठी ती 'लो'वर ठेवावी. तेथे तोच आवाज मिळण्यासाठी बटण अधिक फिरवावे लागते, म्हणून हळू आवाजावरही दोन्ही बाजू जुळलेल्या मिळतात. अशी कळ नसेल, तर तो ॲम्प्लिफायर लहान इयरफोनसाठी नाही असे समजावे, आणि तशी चिठ्ठी त्याच्या छिद्राशेजारी चिकटवावी.

साधन जुळत नसल्याच्या खुणा कानालाही कळतात. गाणे बंद असताना इयरफोनमध्ये 'हिस्स' असा सूक्ष्म आवाज येत असेल, बटण किंचित हलताच आवाज एकदम चढत असेल, किंवा हळू आवाजात एक बाजू लुप्त होत असेल, तर त्या इयरफोनच्या मानाने ॲम्प्लिफायर फार जोरदार आहे.

लहान मुलांसाठी '८५ डेसिबलची मर्यादा' असलेले तारेचे हेडफोन मिळतात. त्यांच्याविषयी पालकांचा एक समज दुरुस्त करावासा वाटतो. यातील अनेकांत मर्यादा म्हणजे तारेत घातलेला एक जादा रोध असतो. तो येणारा आवाज ठरावीक डेसिबलने घटवितो, विशिष्ट आकड्यावर थांबवीत नाही. मोबाइलच्या व्होल्टवर पाळली जाणारी मर्यादा दहापट व्होल्ट देणाऱ्या ॲम्प्लिफायरवर २० डेसिबलने ओलांडली जाते. हे हेडफोन मुलांनी फक्त मोबाइल किंवा टॅब्लेटलाच जोडावेत.

ब्लूटूथ हेडफोनला हे गणित लावू नये. त्यांचा ॲम्प्लिफायर त्यांच्या आतच असतो, आणि तो त्या हेडफोनसाठीच जुळविलेला असतो. टाइप-सी छिद्रात लावायच्या छोट्या जोडणीत मात्र बहुधा मोबाइलऐवजी तीच व्होल्ट ठरविते. त्यामुळे जोडणी बदलली की पट्टीची जुनी खूण निरुपयोगी होते. काही मोबाइल 'आज आपण इतके डेसिबल ऐकले' असा हिशेब देतात. त्याच कंपनीच्या हेडफोनसाठी तो बराच विश्वसनीय असतो. इतर तारेच्या हेडफोनसाठी तो पट्टीवरून बांधलेला अंदाज असतो, आणि वेगळा ॲम्प्लिफायर मध्ये आला की त्या हिशेबाला अर्थ उरत नाही.

मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजू लागली किंवा कान दबल्यासारखे वाटले, तर तो दिवस आणि पुढील दोन दिवस हेडफोन बंद ठेवावेत. त्यानंतरही त्रास राहिला, तर तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र वाट पाहू नये. मळ असेल म्हणून घरी कानात तेल घालत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण अशा वेळी उपचारास झालेला काही दिवसांचा उशीरही महागात पडतो.

मुलगा किंवा मुलगी नवा हेडफोन मागेल तेव्हा खोक्यावरील रंग आणि किंमत पाहून झाली, की ते उलटे करून मागचे दोन आकडेही वाचावेत. तो हेडफोन घरातील कोणत्या साधनाला जोडला जाणार आहे, हे त्याच वेळी मुलांना विचारून ठेवावे.